अडकलेल्या तीन मंजुऱ्या

दूध प्रकल्पाच्या खरेदी विभागातल्या बाईंना सगळे भिंगरी म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. लग्नाआधी त्या इथेच दुधाचे नमुने तपासायला लागल्या, मग स्टोअरमध्ये आल्या, मग खरेदीत. पण कुठल्याच खुर्चीला त्यांची ऊब म्हणून लागली नाही. कुणाची सही हवी असली की कागद घेऊन टेबलापाशी जायच्या आणि सही होईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. समोरच्याला ते इतकं जड व्हायचं की सही होऊन जायची.

यंदा मात्र मंजुरी संगणकावर गेली आणि मंजुरी देणारे नवे वित्त अधिकारी दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात बसू लागले. आता उभं राहायचं कुणासमोर? खरेदीच्या तीन मागण्या या अधिकाऱ्यांकडे अडकल्या होत्या. मंजुरीशिवाय ऑर्डर निघत नव्हती. फोन केला की ते म्हणत, "बघतो मॅडम, बघतो."

इकडे फिटर दिवसातून चारदा दारात. पाश्चरायझर म्हणजे दूध तापवायचं मशीन, त्याच्या प्लेटांमधले रबरी गॅस्केट झिजले होते आणि कडेने दूध ठिबकत होतं.

"ताई, प्लेटा आवळायच्या तेवढ्या आवळल्या. आता आणखी आवळल्या तर वाकतील. मशीन बंद करा म्हणेन मी."

"माझ्या हातात असतं तर मी स्वतः घेऊन आले असते रे!"

फिटर गेला आणि बाईंनी तणतणत मेल लिहायला घेतला. 'वारंवार सांगूनही आपण दखल घेत नाही' इथून सुरुवात झाली ती 'हा बेजबाबदारपणा आहे' इथवर पोचली. पाठवायला बोट गेलं, तेवढ्यात त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा उठल्या. मेल तसाच उघडा ठेवून जेवायच्या सुट्टीत नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला.

"चांगला झापलायस," नवरा म्हणाला. "पण त्याने आता करायचं काय?"

"मंजुरी द्यायची, दुसरं काय!"

"ते यात कुठेच नाही."

बाई चिडल्या, फोन ठेवला. पण परत येऊन सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं:

'सर, नमस्कार. तीन खरेदी-मागण्या तुमच्या मंजुरीसाठी थांबल्या आहेत. पाश्चरायझरचे गॅस्केट सगळ्यात तातडीचे आहेत: मशीन गळते आहे आणि पुरवठादाराचा दर शुक्रवारपर्यंतच लागू आहे. प्रयोगशाळेचे थर्मामीटर आणि धुलाईची रसायनं या महिन्यात लागतील. कृपया बुधवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकीवर मंजुरी, नकार किंवा तुमची शंका, यातलं एक काही कळवा. शंका असेल तर कागद लगेच पाठवते. तोवर काही कळलं नाही, तर गुरुवारी सकाळी मला प्लांट मॅनेजरांना सांगावं लागेल, कारण मशीन बंद ठेवायचं की नाही हे त्यांना ठरवायचं आहे.'

पाठवला, आणि जीव थाऱ्यावर राहीना. शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटेल का? की 'कृपया'मुळे सगळंच बुळबुळीत झालं? मंगळवार त्यांनी स्टोअरच्या चकरा मारण्यात घालवला. बुधवारी दुपारी फोन वाजला.

"मॅडम, स्पष्ट विचारू का? गॅस्केटला एकच कोटेशन आहे. आधीच्या नोकरीत अशाच एका मंजुरीवरून ऑडिटमध्ये माझी चांगलीच धुलाई झाली होती."

"अहो, मग मागणी परत का नाही पाठवलीत?"

ते हळूच म्हणाले, "नवीन आलो आणि लगेच अडवायला लागलो, असं वाटलं असतं तुम्हाला."

बाई चक्क खुर्चीत बसल्या. मशीन बनवणाऱ्या कंपनीखेरीज ते गॅस्केट कुणी देत नव्हतं. हे त्यांना इतकं पाठ होतं की मागणीत लिहायचंच राहून गेलं होतं. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "कारण आणि कंपनीचं पत्र आत्ता जोडते."

संध्याकाळच्या आत गॅस्केट आणि थर्मामीटर मंजूर झाले. रसायनांची मागणी परत आली: दरांची तुलना जोडा. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तुलना खरोखरच नव्हती, म्हणून मुकाट्याने करायला घेतली.

गॅस्केट पोचायच्या आदल्या पाळीत मशीन बंद ठेवावंच लागलं आणि आलेलं दूध शेजारच्या प्रकल्पाकडे वळवावं लागलं. प्लांट मॅनेजर दोघांवरही उखडले. वित्त अधिकाऱ्यांनी मात्र तेव्हापासून फोन करायची सवय लावून घेतली. आता एका पाना-पेचकसासाठीसुद्धा विचारतात, "मॅडम, हे कशासाठी?" बाई फोन कानाला लावून खोलीभर फिरत उत्तरं देतात, आणि ठेवल्यावर फिटरला म्हणतात, "गप्प होता तेच बरं होतं की काय, देव जाणे!"