मनगटावरचं नाव

अमरावतीत माझं छोटंसं पार्लर आहे. लग्नाच्या वर्षी जत्रेत नवऱ्याचं नाव मनगटाच्या आत गोंदवून घेतलं होतं. तो जाऊन आठ वर्षं झाली. भावानं वरूडचं एक स्थळ आणलं, संत्र्याची बाग असलेला विधुर, आणि म्हणाला, ‘‘साडीतला चांगला फोटो दे. हातावरचं तेवढं दिसू देऊ नोको.’’

मला एकटं राहायचा कंटाळा आला होता, म्हणून ऐकलं.

दुसऱ्यांचे डाग झाकण्यात माझा हातखंडा, पण स्वतःच्या बाबतीत पार आंधळी झाले. मनगट सरळ ठेवून क्रीमचा जाड थर दिला. फोटोवाला म्हणाला, ‘‘ताई, भिंतीले पुट्टी मारल्यासारखं दिसून राह्यलं. आन् कॉम्प्युटरवर पुसलं, तं हात प्लास्टिकचा दिसन.’’

खरंच होतं. मनगटाच्या घड्या बुजल्या होत्या. तेल लावून सगळं काढलं आणि पुन्हा बसले. शाईचा हिरवट-निळा रंग दबावा म्हणून आधी नारिंगी क्रीम, अगदी पातळ, फक्त अक्षरांवर. तो सुकल्यावर अंगाच्या रंगाचं क्रीम स्पंजानं दाबत दाबत. घासलं की खालचं उठतं. मग मनगट दुमडलं, घड्यांत साचलेलं कोरड्या काडीनं उचललं आणि वरून चिमूटभर पावडर दाबली. शेवटी खरखरीत स्पंजानं तपकिरी रंगाचे बारीक ठिपके, म्हणजे कातडी कातडीसारखी दिसते. दुसऱ्या बाईचं करताना मी तिचा हात धरते, कातडी ताणते. माझा हात धरायला कोणी नव्हतं. ते काम दहा मिनिटांचं, मला तास लागला.

फोटोत मनगटाची रेघन् रेघ होती, नाव नव्हतं.

वरूडच्या बागवाल्यांना फोटो आवडला. ते भेटायला आले तेव्हा मी काहीच लावलं नव्हतं. फसवून संसार मांडायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. चहा देताना हात पुढे केला आणि फोटोत झाकलं होतं तेही सांगितलं. त्यांनी नाव वाचलं. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘‘माही काही हरकत नाही. तुमाले झाकता येते ना? मंग झालं. पावणे आले का तेवढं झाकत जा. अन् माय घरात असते, तिच्यासमोरबी.’’

त्यांची आई रोजच घरात असणार. मी मनात हिशेब केला: रोज सकाळी, भांडी घासली की पुन्हा, हात धुतले की पुन्हा. मी नको म्हणाले.

भावाचा फोन आला. ‘‘कावून नाही म्हनलं तू? चांगला मानूस होता.’’

चांगलाच होता. म्हणून तर रडू आलं.

‘‘मंग आता कोन येईन तुह्याकडे?’’

मी फोन ठेवला आणि एकटीपुरता भात टाकला.