गैरहजेरीचं कारण

पोलादपूरवरच्या एका वाडीत बयाबाई एकटी राहायची. डोंगरउतारावरचा जमिनीचा तुकडा आधी तिच्या नवऱ्याने आणि तो गेल्यावर तिने कूळ म्हणून कसला होता. नव्या कायद्याने तो कुळाला विकत घेता येणार होता. त्यासाठी नेमल्या तारखेला कचेरीत जाऊन आपण राजी असल्याचा जबाब द्यायचा. बासष्टच्या चैत्रात तिला तशी नोटीस आली.

त्या दिवशी ती अर्धी वाट उतरली होती, तोच पलीकडच्या वाडीतल्या सदूने तिला गाठलं. त्याची बायको चंद्राबाई कालपासून अडली होती, आणि आसपास सुईण अशी बयाबाईच. ती थोडा वेळ खालच्या वाटेकडे बघत राहिली, मग सदूच्या मागून डोंगर चढू लागली.

मूल पायाळू होतं. उन्हं कलेपर्यंत चंद्राबाई सुटली, पण मुलगी रडलीच नाही. बयाबाईने तिला धुतलं, धुवट फडक्यात गुंडाळलं आणि सदूच्या हातात दिलं.

थोड्या दिवसांनी तलाठ्याने हुकूम वाचून दाखवला. कूळ गैरहजर, सबब जमीन घेण्यास राजी नाही. साठ दिवसांत अर्ज केला तर फेरविचार होतो, असंही त्याने सांगितलं.

कचेरीबाहेर कुशाबा अर्ज लिहून द्यायचा. त्याने सगळं ऐकलं आणि सवयीने लिहायला घेतलं, तापाने आजारी असल्यामुळे...

"ताप नव्हता आला मला," बयाबाई म्हणाली. "झालं ते लिवा."

कुशाबाने समजावलं, की आजारपण साहेबांना लगेच पटतं. बाळंतपणाचं लिहिलं तर दहा प्रश्न निघतील.

"निघूंदेत. त्या पोरीचं नाव ठेवलं नाय, कुठं नोंद नाय. या कागदात तरी ऱ्हाऊंदे, की ती आलीती."

कुशाबाने तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. शेजारच्या वाडीतील चंद्राबाई सदू हिच्या बाळंतपणास सुईण म्हणून गेल्याने अर्जदार हजर राहू शकली नाही. मुलगी मृत जन्मली. पाऊस लागल्यावर डोंगराची वाट बंद होते, तरी त्याआधीची लवकरात लवकर तारीख मिळावी. बयाबाईने अंगठा उठवला, आणि कुशाबाच्या सांगण्यावरून पोलीस पाटलाचा दाखला आणून जोडला.

वैशाख सरता सरता तारीख मिळाली. जमीनमालकाचा माणूस हरकत घ्यायला उभा राहिला. साहेबांनी अर्ज आणि दाखला वाचला, तिच्यासोबत आलेल्या सदूला दोन प्रश्न विचारले, आणि आधीचा हुकूम रद्द करून बयाबाईचा जबाब घेतला.

परतताना ती चंद्राबाईकडे थांबली. बाळंतीण अजून फारशी बोलत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "काय लिवलंय माझ्या पोरीचं?"

बयाबाईला वाचता येत नव्हतं, पण अर्ज तिला पाठ झाला होता. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला.

"पुन्यांदा सांग गो," चंद्राबाई म्हणाली.