नानांना ‘येते’ म्हटलं तेव्हा

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे वाक्य इथे भुताचा अनुभव सांगणारा प्रत्येकजण लिहितो आणि मग पुढे घाटातलं वळण, पांढरी साडी वगैरे सुरू होतं… म्हणून मी ते दिसलं की पुढचं वाचतच नसे. आता तेच लिहायची पाळी माझ्यावर आली आहे आणि त्याचाच मला जास्त वैताग आहे. बरं, माझ्या अनुभवात घाट नाही की अमावस्या नाही. रविवारची भर दुपार, घोडपदेवची चाळ, दुसरा मजला आणि आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या.

विलास माझा बालमित्र. आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. मी लग्नानंतर दादरला आले, तो तिथेच राहिला. त्याचे वडील, म्हणजे नाना, कापड मिलमध्ये मागाचे साचे चालवायचे. मूळचे मालवणकडचे. मिल बंद पडली तरी भाषा आणि आवाज दोन्ही तसेच राहिले, कारण साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. दाराला लागून त्यांची लोखंडी कॉट. खोलीतून जो कोणी निघेल त्याने त्यांना ‘येतो’, ‘येते’ म्हणायचं आणि ते म्हणणार, “ये. जिन्यात बघून.” आमच्या जिन्यात कधीच दिवा नसे. पन्नाशी ओलांडली तरी मी त्यांना सांगितल्याशिवाय ती खोली सोडली नाही.

तर हे नाना गेले. शिवडीच्या बाजूला एक केअर होम आहे, तिथे ते वर्षभर होते. न्यूमोनिया झाला, पहाटे फोन आला आणि विलास टॅक्सीने पोचेपर्यंत संपलं होतं. मी तेव्हा पुण्यात अडकले होते, त्यामुळे भेटायला गेले ती जरा उशिराच.

गेले तर दारातच विलासची आत्या. ऐंशीच्या पुढची, कानाने जवळजवळ बहिरी आणि तोंडाने अजिबात नाही. येईल त्याला ती एकच सांगत होती, “म्हाताऱ्याक थय टाकल्यानी.” टाकलं! जसं काही जुनं कपाट होतं. कोपऱ्यात नानांच्या नावाने दिवा लावलेला होता, त्यावरही तिचं म्हणणं तयार होतं. जीव गेला तिकडे, मग दिवा इथे लावून काय उपयोग, तो आता वाट कशी शोधणार? आणि ही बाई वर्षभरात एकदाही शिवडीला फिरकली नव्हती, हे मला विलासच्या बायकोने, रेखाने, मोरीपाशी हात धुताना सांगितलं. रेखाचं दुसरं गाऱ्हाणं जास्त खरं होतं. विलास जेवत नव्हता. चहा, बिस्कीट, फार तर दोन घास, की ताट सरकवायचा. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी घेत होता आणि एकदा चक्कर येऊन गॅलरीत बसला होता.

मी त्याच्यासमोर चटईवर बसले आणि जे प्रत्येकजण म्हणतो तेच म्हणाले – सुटले रे बिचारे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पहिली चूक झाल्याचं मला कळलं. मग दुसरी चूक केली. म्हटलं, तुझी काही चूक नाही. झालं, चूक कशी आहे ते तो मला पटवायला लागला. मी एक मुद्दा खोडला की तो दुसरा काढायचा. भोईवाड्याच्या कोर्टात उभी असल्यासारखं वाटायला लागलं, आणि आरोपी स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतोय! शेवटी मी वैतागून विचारलं, “बरं, मग घरी ठेवून काय केलं असतंस? ते तरी सांग.”

त्याला सांगता येईना, कारण ठेवून झालं होतं. सगळं मी पाहिलेलं होतं. आधी नाना नावं विसरले, मग गॅस चालू ठेवायला लागले. मग खुब्याचं हाड मोडलं. संडास गॅलरीच्या टोकाला, खाली उतरायचं तर दोन जिने, आणि डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. नर्सिंग ब्युरोतून आलेल्या बायका आठवड्यात सोडून जायच्या. रात्रभर विलास जागा, दिवसभर ऑफिसात. रेखाची कंबर गेली ती त्यांना एकटीने कुशीवर वळवताना. तरीही पाठीला जखम झालीच. ती जखम तिकडच्या माणसांनी भरून आणली. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे दोन माणसांच्या घराला चोवीस तास जमत नाही, मग प्रेम कितीही असो.

पण हे सगळं मी त्याला परत ऐकवलं नाही. एवढी अक्कल तोपर्यंत आली होती की हिशोब मांडून कोणाचं दुःख उतरत नाही. मी नुसतं विचारलं, तिकडे नाना दिवसभर काय करायचे रे? आणि तो बोलायला लागला. शेजारच्या पलंगावरच्या गुजराती आजोबांना नाना मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम, समजायचे आणि सुट्टी मागायचे. खिडकीत बसवलं की गोदीतल्या क्रेनवर लक्ष ठेवायचे. हे सांगताना तो हसलासुद्धा. मग म्हणाला, “पण दर वेळी एकच म्हणायचे गं. माका घराक व्हर.”

मला घरी ने. यावर मात्र मला बोलावं लागलं. म्हटलं, विलास, हे ते इथेसुद्धा म्हणायचे. याच कॉटवर बसून. संध्याकाळ झाली की काठी घेऊन निघायचे, आणि एकदा तू आणि मी त्यांना रे रोड स्टेशनवरून परत आणलं तेव्हाही म्हणत होते, मला घरी ने. त्यांना हवं होतं ते घर ना शिवडीत होतं, ना इथे. ते कुठल्या घराचं म्हणत होते ते मला माहीत नाही, पण त्या घराचं दार तू बंद केलेलं नाहीस.

 हे विसरलोच होतो, तो म्हणाला. मला वाटलं, चला, काहीतरी पोचलं. आणि तेवढ्यात त्याने खरी गोष्ट काढली, जी बायकोलाही सांगितली नव्हती.

“मी कधी येतो म्हटलं नाही, सुशे.”

सुरुवातीला म्हणायचा. ‘नाना, येतो’ म्हटलं की नाना उठायला बघायचे, कठड्याला धरून ओरडायचे, मग रात्रभर ना खायचे ना झोपायचे. म्हणून तिथल्या सिस्टरने सांगितलं, निरोप घेऊ नका, त्यांचं लक्ष दुसरीकडे असताना गुपचूप निघा. अशा माणसांसाठी तेच बरं असतं, तिचं काही चुकलं नव्हतं. विलासने वर्षभर तेच केलं. आणि आता घरात भेटायला येणारे लोक पाहून त्याच्या डोक्यात भलतंच बसलं. आपल्याकडे मयताच्या घरून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही, नुसतं उठून जातात. विलास म्हणाला, “मी वर्षभर नानांकडून असाच उठून आलो. ते जिवंत असताना. त्यांना काय वाटलं असेल… मी आलोच नाही असं?”

 यावर तुम्ही काय बोलला असता? मला त्याचा राग आला, त्या आत्याचा आला, आणि असले रिवाज ज्याने कोणी काढले त्याचा तर फारच आला. आतून रेखाने जेवायला हाक मारली, विलास नको म्हणाला. मी पर्स उचलून उठले. दाराशी आले, उजव्या हाताला ती कॉट, त्यावर घडी केलेली चादर. आणि डोक्यात राग असला की तोंड आपल्या सवयीने चालतं. मी म्हटलं, “नाना, येते.”

बोलले आणि जीभ चावली. सुतकाच्या घरात! विलासने वर पाहिलं. आणि उत्तर आलं.

“ये गो. विलू येता जेवच्या टायमाक.”

कुजबुज नाही, भास म्हणावा असं काही नाही. तोच साच्यांवरून ओरडायचा आवाज, कॉटच्या बाजूने, माझ्या कमरेइतक्या उंचीवरून, म्हणजे बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथून. मी दाराची चौकट धरली. विलास उभा राहिला होता. आणि आत्या, जिला चहा हवा का हे तीनदा ओरडून विचारावं लागतं, ती कॉटकडे बघून म्हणाली, “येता तर येंदे. वरडतंस कित्याक?” मग ‘ओरडतोस कशाला’ हे आपण कोणाला म्हणालो ते तिच्या लक्षात आलं, आणि ती त्या दिवसात पहिल्यांदाच गप्प बसली.

मला त्या वाक्याचा अर्थच लागेना. विलू म्हणजे विलास, हे ठीक. पण जेवायच्या वेळी तो कधी घरी नसायचा, जन्मभर डबा नेला त्याने. विलास कॉटवर टेकला आणि हळूहळू सांगायला लागला. सिस्टरने वेळही ठरवून दिली होती. ताट येतं तेव्हा या, पहिले चार घास तुम्ही भरवा, ते खाण्यात रमले की निघा. बुधवारी रात्री, रविवारी दुपारी. नेहमी ताटाबरोबरच. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. आत्याला तर कोणीच काही सांगत नाही.

“म्हणजे मी गेलेलो त्यांना कळतच नव्हतं,” तो म्हणाला. “आलेलो कळायचं.”

मग तो रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, असं रेखा नंतर म्हणाली. तिने आत काहीच ऐकलं नव्हतं, कुकर चालू होता ना. ती ताट घेऊन बाहेर आली, विलासने ते घेतलं आणि नानांच्या कॉटवर बसून सगळं जेवला. वरण-भात आणि कुळथाची पिठी. मीही तिथेच जेवले.

शोध घ्यायचा तेवढा घेतला. शेजारच्या खोलीला कुलूप, माणसं गावी गेलेली. टीव्ही सुतकामुळे बंद. विलासच्या फोनमध्ये नानांचा एकही व्हिडिओ नाही, याचंही त्याला वाईट वाटत होतं. माझ्या नवऱ्याचं मत, तिघांना एकाच वेळी मनाचा खेळ झाला. झाला असेल. पण माझ्या मनाला जे माहीतच नव्हतं ते त्याने बोलून कसं दाखवलं, हे विचारलं की तो पेपर उघडतो. मला आजही उत्तर सापडलेलं नाही आणि अशा अर्धवट गोष्टींची मला मनापासून चीड आहे.

त्या दिवशी दुसऱ्यांदा निघाले तेव्हा मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. पुन्हा आगाऊपणा नको. उंबरा ओलांडला तर विलासच मागून म्हणाला, “येते म्हण ना.”

 मी म्हटलं, येते. आम्ही सगळे जरा थांबलो. कॉटवरून काही ऐकू आलं नाही. मग विलास म्हणाला, “ये. जिन्यात बघून.”