नर्स कुठे बसणार?

...तर काल राहिलं ते हे, की थोरल्या आर्किटेक्टबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. इस्पितळाचं काम गेलं तर ऑफिसला टाळं! आणि ऑफिसातली नवी पोरगी नकाशा समजावून सांगताना काम देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठ करून पडदाच वाचत राहिली. "नर्स कुठे बसणार?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणे, "पुढे येईल." डॉक्टर वैतागले, उद्या शेवटची संधी म्हणाले.

पोरगी रडकुंडीला आली. "बाई, उद्या तुम्हीच बोला. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाईंनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तूच बोलायचंस. नर्सची जागा नेमकी काढलीयस, तिथून प्रत्येक खाट दिसते. फक्त प्रश्न आला की थांब, माणसाकडे बघ, नकाशावर बोट ठेव. चल, मी डॉक्टर. नर्स कुठे बसणार?"