गाडी बघितल्याशिवाय निघायचं नाही

आमचे हे आयुष्यभर बसवर ड्रायव्हर होते. भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून आलापल्ली, कधी थेट सिरोंचा. निवृत्त झाल्यावर एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि आमच्या अंगणात डेपो सुरू झाला. डेपोत सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी जे जे बघत, ते सगळं ह्या इवल्याशा गाडीला बघायचं. अगदी भाजीबाजारात जायचं असलं तरी. मी पिशवी घेऊन फाटकाशी उभी आणि हे टायरपाशी उकिडवे बसलेले, हे दृश्य आमच्या गल्लीला पाठ झालं आहे.

मी एकदा चिडून म्हटलं, "मेथी वाळून जाईल बाजारात."

"वाळू दे," हे म्हणाले. "गाडी बघितल्याशिवाय निघाचं नाई."

सिरोंच्याला आमची मुलगी दिली आहे. तिला मुलगी झाली आणि बारशाचं बोलावणं आलं तेव्हा मी आनंदानं लाडूच वळायला घेतले. पण बोलावण्याच्या मागोमाग मुलीचा वेगळा फोन आला, तोही ह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "आई, बाबा चालवणार असतील तर बसनं या. आलापल्लीच्या पुढं सगळं जंगल आहे, रस्त्यावर गुरं येतात, हरणं येतात. बाबांना नीट दिसत नाही गं."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. घुग्घुसच्या रस्त्यावर संध्याकाळी समोरून ट्रक आला की हे डोळे बारीक करत आणि ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. दोष नेहमी ट्रकवाल्याचा, डिप्पर न दिल्याचा. डॉक्टरांचं नाव काढलं की यांचं उत्तर तयार असे, "इतकी वर्षं गाडी चालवली, एक कोंबडी नाई मारली." कोंबडीचा हा हिशेब ऐकून ऐकून मी थकले होते.

माझ्याकडे लायसन्स आहे. मुलांनी मागे लागून मला गाडी शिकायला लावली, वसाहतीच्या मैदानावर मी ती शिकलेही. पण ह्यांच्या लेखी माझी हद्द बाजार आणि देऊळ. "लंबा रस्ता म्हंजे काय खेळ आहे का?" असं विचारत. तेव्हा सिरोंच्याला गाडी कोण चालवणार हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त माझ्या पोटात होता. बसनं जाऊ म्हटलं तर हे बारशालाच यायचे नाहीत, एवढं मी ह्यांना ओळखते. आणि नातीचं तोंड आजोबांनी बघू नये, असं पाप मी कुठे फेडू?

म्हणून मी ठरवलं की निघायच्या दिवशी सकाळी गाडीपाशी ह्यांना स्पष्ट सांगायचं, आज मी चालवणार. भांडण झालं तर झालं.

सकाळी चहा घेऊन मी अंगणात गेले तर हे तयार. गळ्यात टॉवेल, हातात हवा मोजायचं मीटर. मी तोंड उघडणार एवढ्यात म्हणाले, "ये इकडं. आज तुले गाडी बघाले शिकवतो."

मी अवाक् झाले. इतकी वर्षं गाडीच्या बॉनेटला हात लावू न देणारा माणूस आज मला शिकवतो म्हणतो! भांडण बाजूला ठेवून मी पदर खोचला.

"टायर थंडे असतानाच हवा बघाची," हे म्हणाले. "गाडी चालली का टायर तापते, हवा वाढलेली दिसते. मंग मीटर खोटं बोलते." पुढच्या चाकाची टोपी काढून मीटर लावलं आणि माझ्याकडे वळवलं. "वाच."

मी वाचलं. "अठ्ठावीस."

"आन् दरवाज्याच्या खांबावर पट्टी आहे, तिच्यावर काय लिवलं आहे ते वाच."

पट्टीवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी पुढे तेहतीस आणि मागे त्याहून थोडी जास्त असं होतं. बारशाचं सामान, मागे लाडूचे डबे, पाळणा, म्हणजे गाडी भरलेलीच. ह्यांनी पायपंप आणला. पंप माझ्याकडून मारून घेतला, हेही शिकवण्याचाच भाग. चारही चाकं आणि वर स्टेपनीसुद्धा. दर वेळी मीटर माझ्यापुढे, दर वेळी "वाच". माझी छाती फुगत होती. घाम पुसत मी मनात म्हणत होते, बघा, उशिरा का होईना, माणसाला बायकोची किंमत कळली.

मग टायरची नक्षी. ही मात्र ह्यांनी मला बघू दिली नाही, स्वतःच बघितली, तीही डोळ्यांनी नव्हे. खाचेत अंगठा घालून चाक हळूहळू फिरवल्यासारखा हात फिरवत गेले. "खाचेच्या तळाले हे बारीक उंचवटे लागून राह्यले का? वरचं रबर झिजून याच्या बरोबरीले आलं का टायर गेला. गोटा टायर ओल्या रस्त्यावर पाणी कापत नाई, गाडी घसरते." मागच्या डाव्या चाकात अंगठा थबकला. तिथून एक टोकदार खडा उकरून काढला. मी दोनदा त्या चाकाकडे बघितलं होतं, मला दिसला नव्हता. मला त्या क्षणी आपल्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला आणि चालवण्याचं भांडण आणखी थोडं मागे पडलं.

बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पांढरट डबी दाखवून म्हणाले, "झाकण उघडाचं नाई, बाहेरूनच बघाचं. वरची रेघ आन् खालची रेघ. कुठपर्यंत आहे?"

डबी जुनी होऊन पिवळी पडलेली. मी वाकून, मान वाकडी करून बघितलं. "दोन्हीच्या मधे. वरच्या रेघेच्या जरा खाली."

"मागच्या बारीले?"

"मागच्या वेळी तुम्हीच बघितलं होतं, मला काय माहीत?"

हे डबीवर वाकले. मग म्हणाले, "वरच्या रेघेच्या जरा खालीच होतं. म्हंजे ठीक. ब्रेक पॅड झिजले का ते हळूहळू उतरते. एकदम उतरलं तं समजाचं का कुठी गळून राह्यलं, मंग वरून ओतून निघाचं नाई, मेकॅनिककडं न्याची." चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल नाही हेही बघून घेतलं.

मी खूश. शिकण्याची मला एवढी गोडी लागली की दिव्यांची पाळी आली तेव्हा ह्यांनी काही सांगण्याआधीच मी पळत जाऊन स्टिअरिंगमागे बसले. डेपोची पद्धत मला माहीत होती. एकानं आत बसून बटणं दाबायची, दुसऱ्यानं बाहेरून ओरडायचं.

"तू कामून बसली? मी बसतो ना," हे म्हणाले.

"शिकवताय ना? मग मलाच बसू द्या. तुम्ही बघा."

हे काहीतरी पुटपुटले आणि पुढे जाऊन उभे राहिले. पुढचे दिवे, डिप्पर, सगळं "जळून राह्यलं, जळून राह्यलं" करत पार पडलं. मग मागे गेले. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. "बरोबर!"

"आता ब्रेक," मी म्हटलं आणि पाय दाबला.

"दोन्ही जळून राह्यले! लालभडक!"

मी खाली बघितलं. नव्या चपलेच्या नादात मी डाव्या पायानं क्लच दाबून बसले होते. उजवा पाय जमिनीवर होता. ब्रेकला कुणी शिवलंही नव्हतं.

मला वाटलं, ऊन पडलं असेल काचेवर. उजवा पाय नीट उचलला आणि ब्रेक खरोखर दाबला. "आता?"

"आताही जळून राह्यले!"

मग मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. लुगडं सावरलं. "आणि आता?"

"लालभडक! अवं, किती बारी बघशील? बॅटरी उतरून जाईल."

मी तशीच मांडी घालून बसून राहिले. मीटर माझ्यापुढे का धरलं, पट्टी मला का वाचायला लावली, डबीतल्या रेघा मला का विचारल्या, हे सगळं एकदम ध्यानात आलं. मला कुणी शिकवत नव्हतं. सकाळपासून मी ह्यांचे डोळे झाले होते. आणि हाच माणूस थोड्या वेळानं हरणांच्या रस्त्यावर गाडी घालणार होता. मला राग आला, भीती वाटली, आणि ह्या माणसाची इतकी दया आली की ती सांगता येत नाही.

मी उतरून मागे गेले आणि हळूच म्हटलं, "मी ब्रेक दाबलाच नव्हता."

ह्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"धुकं असल्यावानी वाटते," हे म्हणाले. "ऊन पडलं का समदं पांढरं होऊन जाते." मग म्हणाले, "तू लेकीले सांगशील?"

"डॉक्टरांना सांगेन. सिरोंच्याहून आलो की आधी तिथे."

"आन् आज?"

भांडायला म्हणून सकाळी जे वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते मला काही बोलता आलं नाही.

एवढ्यात शेजाऱ्यांनी कुंपणावरून मान काढली. "काय भाऊ, निघाले का सिरोंच्याले? मोठा रस्ता आहे, आरामात चालवा."

ह्यांनी गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडलं. "मले कामून सांगता? चालवणारीले सांगा."

शेजारी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मी मात्र जाऊन स्टिअरिंगमागे बसले, ब्रेक दाबला आणि मान वळवून फाटकाच्या सावलीतल्या विटेच्या खांबांवर लाल उजेड पडतो का ते स्वतः तपासलं, जळत होते दोन्ही. सीट पुढे ओढली. हे आत बसायचं सोडून माझ्या बाजूला आले.

"आरसे माह्या हिशेबानं लागले आहेत. तुयी उंची कमी," म्हणाले. आतला आरसा मीच फिरवला, मागची काच पूर्ण दिसेपर्यंत. मग हे बाहेर उभे राहून बाजूचा आरसा दोन्ही हातांनी धरून हळूहळू वळवू लागले.

"सांग. मी दिसून राह्यलो का?"

दिसत होते. टॉवेल, पांढरे केस, आरशाजवळ आणून मोठे केलेले डोळे.

"दिसता की."

"मंग नाई लागला," हे म्हणाले. "मी नाई, मांगचा रस्ता दिसला पायजे." आणि आरसा आणखी थोडा वळवत राहिले, त्यात गाडीची कड उरली, मागची गल्ली आली, आणि हे त्यातून निघून गेले.