झाकलेला अर्धा आलेख

आमचे हे दलालाच्या ऑफिसात एकतीस वर्षं शेअरच्या भावांचे आलेख काढायचे, आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. मार्चमध्ये ऑफिसनं ह्यांना कामावरून मोकळं केलं. तेव्हापासून ताटात पडेल ते जेवतात. भाजीत मीठ विसरले तरी बोलत नाहीत.

एका कॉलेजातल्या मुलांच्या गुंतवणूक मंडळानं ह्यांना व्याख्यानाला बोलावलं. मंडळ बघणारे प्राध्यापक म्हणाले होते, मुलांना आवडलं तर दर शनिवारी वर्ग देऊ. तेवढा वर्ग मिळावा, एवढंच मला हवं होतं. मी शेवटच्या बाकावर बसून मनात नामस्मरण करत होते.

ह्यांनी पडद्यावर एक जुना आलेख लावला आणि उजवा अर्धा भाग झाकला. "पुढे वर की खाली? लिहा."

निम्म्यांनी वर लिहिलं, निम्म्यांनी खाली. झाकण काढलं, तर भाव दोन महिने जागच्या जागीच.

"ही फसवणूक झाली, काका!" एक मुलगा ओरडला. सगळे हसले. हे हसले नाहीत.

मग मंडळाची अध्यक्ष उठली, चष्मेवाली, हुशार पोर. "सर, माझा नियम चालतो. भावाची छोट्या मुदतीची सरासरी मोठ्या मुदतीच्या सरासरीवर गेली की शेअर घ्यायचा, खाली आली की विकायचा. मागच्या दहा वर्षांच्या भावांवर लावून पाहिला, पैसे दुप्पट होतात."

"मुदतींच्या किती जोड्या लावून पाहिल्यास?"

"चारशे."

"आणि सगळ्यात चांगली निवडलीस. चारशेंत एखादी नुसत्या नशिबानंही चांगली दिसते. न पाहिलेल्या वर्षांवर तपासलीस?"

"न पाहिलेलं वर्षच उरलं नाही, सर."

"मग पुढचं वर्ष येऊ दे. तोवर पैसे घालू नकोस."

पोर खाली बसली. मागून टोमणा आला, "मग एकतीस वर्षं तुम्ही काय केलंत?"

हे म्हणाले, "भाव कुठून कसा आला, ते दाखवलं. आपलं चुकलं हे कुठल्या भावाला मान्य करून बाहेर पडायचं, ते आधी ठरवून दिलं. उद्याचा भाव मला कधीच कळला नाही."

व्याख्यान संपल्यावर प्राध्यापकांनी वर्गाचा नावनोंदणीचा कागद पुढे केला. वर ठळक छापलं होतं, 'उद्याचा भाव आजच ओळखा'. खाली शिकवणाऱ्याच्या सहीची जागा.

ह्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि मग सही केली.

"अहो सर, त्या ओळीवरच तर मुलं येणार!" प्राध्यापकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "बघू. कळवतो मी."

फाटकाबाहेर आलो. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. रडूही नाही.

"ओळ राहू दिली असती तर?" मी विचारलं.

"तर दर शनिवारी तेच खोटं सांगावं लागलं असतं," हे म्हणाले. "तू भाजी घेणार होतीस ना? चल."