बाराबंदीवर राहू दिलेला डाग

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत काशम्माला घाबरत नाही असं घर नव्हतं. बाई हाताची सोन्यासारखी, पण जिभेला हाड नाही. धुण्याचं गाठोडं सोडलं की कपड्यांवरचे डाग ती वाचायची, आणि वाचलेलं पोटात ठेवायची नाही. कुणाच्या सदऱ्यावर पानाची पिंक आहे आणि ते पान घरच्या डब्यातलं नाही, कुणाची सून चुलीपाशी बसून रडते, सगळं हौदावर जाहीर. परटाचं घराणं, सासू कमलम्माकडून आलेली धुण्याची घरं, आणि अकरा वर्षांचं वैधव्य. एवढ्या भांडवलावर ती पेठेत मान ताठ ठेवून चालायची.

या घरांत पहिलं घर रुद्रप्पांचं. भुसार मालाचे व्यापारी, शब्दाला वजन असलेला माणूस. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायचा मान त्यांच्या घरात होता. ते आणि त्यांचे पाच भाऊबंद त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत निघत. बारा बंदांचा तो सुती अंगरखा वर्षातून त्याच दिवसांत अंगावर चढायचा. यात्रा पार पडली की रुद्रप्पांच्या सोप्यावर पंगत बसायची आणि बाराबंद्या धुणाऱ्याला सगळ्यांदेखत नारळ मिळायचा. अकरा वर्षं तो काशम्मानं घेतला होता. पण दर वर्षी रुद्रप्पा म्हणायचे, “कमलम्माच्या घरचा नारळ.” सासू जाऊन अकरा वर्षं झाली, धुणं हिनं केलं, हाताची सालं हिची गेली, आणि नाव म्हातारीचं. काशम्माला ते दर संक्रांतीला टोचायचं. एकदा तरी आपलं नाव त्या सोप्यावर ऐकू यावं, एवढी एकच हाव तिला होती.

पंच्याहत्तर सालच्या यात्रेला मात्र नावही गेलं आणि नारळही. दोष तिच्याच जिभेचा. डॉक्टरांनी रुद्रप्पांना तळलेलं बंद केलं होतं आणि त्यांची बायको सुंदरम्मा पथ्यावर डोळ्यांत तेल घालून बसली होती. काशम्मानं हौदावर सांगितलं की, मालकांच्या धोतराला बसलेला तेलाचा डाग मिरचीभज्याचा आहे आणि एका दिवसाचा नाही. संध्याकाळपर्यंत ते सुंदरम्माच्या कानावर गेलं. मालकांची भजी बंद झाली आणि काशम्माचं धुणंही. बाराबंद्या सात रस्ता चौकातल्या भीमाशंकरच्या नव्या लाँड्रीत गेल्या. तिथं छापील पावती मिळायची, इस्त्रीची घडी सुरीसारखी असायची, आणि मुख्य म्हणजे मालक तोंड बंद ठेवायचा.

यात्रेला चार दिवस उरले होते. ऐन दुपारी काशम्माच्या अंगणात भीमाशंकर उभा राहिला. टेरिकॉटचा शर्ट, केसांना तेल, आणि काखेत गाठोडं. इकडेतिकडे बघत त्यानं विचारलं, मावशी एकट्याच आहेत ना. काशम्मानं ओळखलं की गाठोड्यात भानगड आहे. तिनं मुद्दाम लांबलचक चौकशी केली, लाँड्री कशी चाललीय, पावत्या संपल्या तर नाहीत, सुरीसारखी घडी करताना बोट तर कापत नाही. बिचारा उन्हात उभा राहून उत्तरं देत होता.

मग गाठोडं सुटलं. सहाही बाराबंद्यांवर तांबूस डाग. वर्षभर त्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, पावसाळ्यात ओल शिरली आणि पत्र्याचा गंज कापडात उतरला. इथवर दोष कुणाचा नव्हता. पण भीमाशंकरनं पांढरा कपडा म्हणून डागांवर ब्लिचिंग पावडर टाकली होती. गंजावर ती पावडर म्हणजे आगीत तेल. डाग हटले नव्हतेच, उलट काही जास्त गडद होऊन बसले होते. रुद्रप्पांच्या बाराबंदीवर तर पाठीत, खाकेच्या जरा मागं, त्यानं पावडरीचा ढीगच रचला होता.

काशम्माच्या मनात आलं, नाही म्हणावं. एका शब्दाचं काम. लाँड्रीचं नाक कापलं जाईल आणि पुढच्या संक्रांतीला बाराबंद्या मुकाट्यानं आपल्या दारात येतील. ती हे मनाशी घोळवत होती खरी, पण तिची बोटं आधीच डागाची कड चाचपत होती. डाग दिसला की तिला राहवायचं नाही. शिवाय भीमाशंकरच्या लाँड्रीच्या पाटीवरचा रंग अजून वाळला नव्हता, आणि रुद्रप्पा तांबडे ठिपके घेऊन सिद्धेश्वरापुढं उभे राहिले तर पेठ त्याला पुन्हा दारात उभं करणार नव्हती. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

भीमाशंकरची एकच अट होती, यातलं कुणाला कळता कामा नये. काशम्मानं क्षणभर विचार केला. म्हणजे कपडे आपण वाचवायचे आणि नारळ यानं घ्यायचा. तरी तिनं हो म्हटलं. मग तिनं आपली अट घातली, की काम तो करील आणि ती बसून सांगेल.

पहिला तास त्यानं नुसतं पाणी बदललं. पावडरीचा वास पुरता जाईपर्यंत लिंबाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आंबट आणि ती पावडर एकत्र आली की असा धूर उठतो की घसा धरतो, हे काशम्मा एकदा भोगून शहाणी झाली होती. चार पाणी झाल्यावर तिनं प्रत्येक कपडा नाकाशी धरला आणि पाचव्यांदा धुवायला लावलं. पाचवं पाणी खरं तर थोडं सुडाचं होतं.

मग डागांवर मीठ, मिठावर लिंबू, आणि कपडे उन्हात. भीमाशंकरला वाटलं आता बसायला मिळेल. पण लिंबू कापडात वाळू द्यायचं नसतं, म्हणून दर थोड्या वेळानं उठून पिळत राहायचं. ऊन कलेपर्यंत पाचपंचवीस लिंबं गेली, कोवळे डाग विरले. बाराबंद्यांबरोबर आलेल्या शेल्याच्या लाल काठापासून मात्र तिनं रस चार बोटं लांब ठेवायला लावला. पक्क्या रंगावर भरवसा ठेवू नये, आधी आतल्या कडेला एक थेंब लावून बघावा, असं ती म्हणायची.

जुने डाग हटेनात तेव्हा काशम्मानं भिंतीच्या उंच कोनाड्यातून एक बरणी काढली. रंगवाल्या दुकानातून आणलेले ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे. दिसायला साखर, पोटात गेले तर जीव घेणारे, म्हणून चुलीपासून लांब ठेवलेले. लोखंडी बादली चालणार नव्हती, ती नवा गंज देते. चिनी मातीच्या भांड्यात कोमट पाणी घेतलं, चमचाभर खडे विरघळवले, आणि कपडा लाकडी काठीनं बुडवला. इथं भीमाशंकरनं विचारलं, किती वेळ. काशम्माकडं घड्याळ नव्हतं. पेठेत सगळ्यांना वाटायचं की ती डागावर मंत्र टाकते, कारण कपडा बुडवला की ती ओठ हलवायची. ती नुसती वेळ मोजायची. ते तिनं त्याला सांगितलं नाही.

“मंत्र म्हणावा लागतो,” ती म्हणाली. “काशम्मा शहाणी, भीमाशंकर खुळा. एकशे आठ वेळा. मोठ्यानं.”

त्यानं तोंड वाकडं केलं, पण म्हटलं. चाळीसच्या पुढं शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. साठाला आवाज खाली गेला, तशी काशम्मानं पुन्हा एकपासून धरायची धमकी दिली. एकशे आठ होता होता डाग पाण्यात विरून गेले होते आणि भीमाशंकरचा मंत्रावर पुरता विश्वास बसला होता. मग तीन स्वच्छ पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा घातलेलं चौथं, आणि पुन्हा साधं पाणी. आंबट कापडात राहिलं आणि वर इस्त्री फिरली, तर कापड जळक्या कागदागत तुटतं, हे तिनं त्याला दोनदा बजावलं. पाच बाराबंद्या झाल्या.

सहावी रुद्रप्पांची. काशम्मानं ती उन्हाकडं धरली आणि तिचा चेहरा बदलला. पाठीतल्या डागाच्या जागी धागे विरळ झाले होते. गंज आणि ती पावडर दोघांनी मिळून कापड खाल्लं होतं. लिंबानं डाग फिकट पिवळा झाला होता, पुसट, नखाएवढा. भीमाशंकर म्हणाला, थेंबभर ऑक्झॅलिक लावू, जाईल. आणि त्यानं भांड्याकडं हात नेला. काशम्मानं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे. डाग ऱ्हायला तर चार माणसं बघतील. भोक पडलं तर आक्खं सोलापूर बघंल की.”

तिला तो डाग सोडवत नव्हता. अकरा वर्षांत तिनं या घराचा एकही डाग ठेवला नव्हता. पण कापड किती सोसेल हे बोटांना कळत होतं, आणि नंदीध्वज पेलताना पाठीला कसा ताण बसतो हे तिनं पाहिलं होतं. खळसुद्धा तिनं पातळ लावायला सांगितली. भीमाशंकर गाठोडं घेऊन मागच्या बोळातून गेला.

यात्रा झाली. लोकांनी कौतुक केलं की रुद्रप्पांच्या घरच्या बाराबंद्या यंदा दुधासारख्या होत्या. काशम्मानं गर्दीत उभं राहून ते ऐकलं आणि जिभेला कुलूप लावलं. तिच्यासाठी ही यात्रेपेक्षा मोठी तपश्चर्या होती.

पंगतीच्या दिवशी ती सोप्याच्या दाराशी, बायकांच्या मागं बसली. भीमाशंकर पुढं होता, नवा शर्ट, कपाळाला भस्म. रुद्रप्पांनी नारळ हातात घेतला नाही. आधी त्यांनी आपली बाराबंदी मागवली, मांडीवर पसरली आणि पाठीतल्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं.

“हा डाग कुणी ठेवला?”

भीमाशंकरच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांदेखत पंचाईत. त्यानं जीव वाचवायला पहिलं सुचलं ते बोलून टाकलं.

“मी न्हाय ठेवला मालक. मी काढतच होतो. काशम्मा मावशीनं माजा हात धरला. त्यांच्याच अंगणात धुतल्या समद्या.”

सुंदरम्मानं मान वळवून दाराकडं पाहिलं. बायका बाजूला सरल्या आणि काशम्मा एकटी उघडी पडली. रुद्रप्पांनी विचारलं, का ठेवला. तिनं उठून सांगितलं, कापड विरलं होतं, आणखी आंबट सोसलं नसतं, तुम्हाला ध्वज पेलायचा होता.

रुद्रप्पांनी बाराबंदीची घडी घातली. मग म्हणाले की, दुसऱ्या वळणावर वाऱ्यानं ध्वज कलला, तेव्हा त्यांनी सगळी पाठ लावून तो ओढला होता. पाठीत कापड करकरलेलं त्यांना ऐकू आलं. आता उभं फाटतंय, देवापुढं उघडा पडतोय, असं वाटलं. फाटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी डागाची जागा दोन अंगठ्यांत धरून बघितली होती, आणि ही जागा हात राखून धुतलीय हे व्यापाऱ्याच्या नजरेला कळलं होतं.

त्यांनी नारळ उचलला. सवयीनं “कमलम्माच्या” एवढं तोंडातून निघालंही. तिथंच ते थांबले.

“काशम्माचा नारळ,” ते म्हणाले.

काशम्मा पदर पसरून उभी राहिली. डोळ्यांना धार लागली, ती तिनं पुसलीही नाही. सुंदरम्मा आतून भज्यांचं ताट घेऊन आली आणि पहिलं भजं नवऱ्याच्या नाही, काशम्माच्या हातावर ठेवलं. भीमाशंकर आपण थोडक्यात सुटलो म्हणून कपाळाचा घाम पुसत होता, त्यात भस्मही पुसलं गेलं.

तो नारळ काशम्मानं आठ दिवस फोडला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “बगू द्या की थोडा.”